अमोनियाचा न जुळणारा हिशेब

वॉशिंग्टनच्या फिक्स्ड नायट्रोजन रिसर्च लॅबोरेटरीत लार्सन आणि डॉज हे दोन रसायनशास्त्रज्ञ अमोनियाच्या मागे लागले होते. त्यांचे आकडे १९२३-२४ साली छापून आले. प्रयोग सांगायला सोपा आहे. एक भाग नायट्रोजन आणि तीन भाग हायड्रोजन घ्यायचे, तापमान ४५० अंश सेल्सिअसवर धरून ठेवायचं, दाब वाढवत न्यायचा आणि प्रत्येक दाबाला मिश्रणात किती अमोनिया तयार होऊन स्थिरावतो ते मोजायचं. खताच्या कारखान्यात हीच अभिक्रिया चालते. आपल्याकडे अलिबागजवळच्या थळला अमोनिया बनतो तोही हिच्यातूनच.

या मोजमापांतून समतोल स्थिरांक काढतात. अमोनियाचा आंशिक दाब वर ठेवायचा. खाली नायट्रोजनच्या दाबाचं वर्गमूळ आणि हायड्रोजनच्या दाबाचा दीडवा घात यांचा गुणाकार. दाब वाढला की अमोनिया जास्त बनतो, हे खरं. पण या गुणोत्तराने बदलू नये. ते फक्त तापमानावर अवलंबून असतं, म्हणून तर त्याला स्थिरांक म्हणायचं. प्रत्यक्षात १० वातावरण दाबाला उत्तर आलं ०.००६६, ३०० ला ०.००८८, ६०० ला ०.०१२९ आणि १००० ला ०.०२३३. तापमान जागचं हललं नव्हतं, तरी ‘स्थिरांक’ साडेतीनपट झाला.

मोजणाऱ्यांची चूक नव्हती. सूत्रात दाब भरला होता, चूक तिथे होती.

समतोल कुठे साधेल हे ठरवतं ते रासायनिक विभव. पदार्थाच्या एका मोलमागे काम करून घेण्याजोगी किती ऊर्जा आहे, त्याचं हे माप. विभव जिथे जास्त तिथून कमी असेल तिथे पदार्थ जातो, किंवा अभिक्रिया त्या दिशेने सरकते. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की थांबते. तापमान कायम ठेवून वायू थोडा दाबला, तर विभवात पडणारी भर म्हणजे एका मोलचं आकारमान गुणिले दाबातली ती छोटी वाढ. आदर्श वायूचं आकारमान दाबाच्या व्यस्त प्रमाणात असतं. त्यामुळे या छोट्या भरांची बेरीज लॉगॅरिदममध्ये निघते:

μ = μ° + RT ln(p/p°)

इथे p° हा ठरवून घेतलेला प्रमाण दाब, साधारण एक वातावरण, आणि μ° हे त्या दाबाच्या आदर्श वायूचं विभव. समतोल स्थिरांकाचं सूत्र याच ओळीतून येतं. पण आदर्श वायूचे रेणू एकमेकांना ओढत नाहीत आणि जागाही व्यापत नाहीत. खरे रेणू दोन्ही करतात, म्हणून त्यांचं आकारमान त्या नियमाने चालत नाही आणि बेरीज चुकते.

गिल्बर्ट न्यूटन लुईस यांनी १९०१ साली यावर तोडगा काढला. इलेक्ट्रॉनच्या जोडीने अणू बांधले जातात हे पुढे सांगणारे, तेच हे लुईस. प्रत्येक वायूसाठी विभवाचं वेगळं, लांबलचक सूत्र लिहिता आलं असतं. लुईस यांनी सूत्राला हातच लावला नाही. p च्या जागी f ठेवला आणि म्हटलं, जो आकडा घातल्यावर हे सूत्र खऱ्या वायूसाठी तंतोतंत खरं ठरेल, तो f. त्याला नाव दिलं फ्युगॅसिटी:

μ = μ° + RT ln(f/p°)

एवढ्यावर थांबलं तर ही पळवाट वाटेल, आणि पहिल्यांदा शिकताना बहुतेकांना ती तशीच वाटते. तिला आधार देते दुसरी अट: दाब शून्याकडे नेला की f आणि p एक झाले पाहिजेत. विरळ वायूत रेणू एकमेकांपासून इतके दूर असतात की प्रत्येक वायू आदर्शच वागतो. या अटीमुळे f मोजता येण्याजोगा होतो. शून्य दाबापासून हव्या त्या दाबापर्यंत पायरीपायरीने वायूचं खरं आकारमान मोजायचं, प्रत्येक पायरीला त्यातून आदर्श आकारमान वजा करायचं आणि त्या फरकांची बेरीज करायची:

ln(f/p) = (1/RT) ∫₀ᵖ (V − RT/p) dp

शून्य अंश सेल्सिअसच्या नायट्रोजनचं पाहू. १० वातावरणाला त्याची फ्युगॅसिटी ९.९५६ येते, १०० वातावरणाला ९७.०३. इथवर रेणूंची ओढ वरचढ असते. वायू अपेक्षेपेक्षा कमी जागेत मावतो आणि त्याचं विभवही कमी राहतं. १०० वातावरणाला हा फरक मोलमागे जेमतेम ७० जूल आहे. १००० वातावरणाला मात्र फ्युगॅसिटी १८३९ होते. तिथे रेणूंना हलायला जागा उरलेली नसते, आकारमान आदर्शाच्या सुमारे दुप्पट असतं आणि मोलमागे १.४ किलोजूल जास्तीचं विभव साठतं. दाबमापक अर्थात १००० च दाखवतो आणि टाकीच्या भिंतीवर जोरही तेवढाच पडतो. टाकी किती जाड हवी हे p सांगतो. वायू कुठे जायला बघतो हे f सांगतो.

मधल्या टप्प्यात एक चकवा आहे. १०० ते २०० वातावरणांच्या दरम्यान कुठेतरी नायट्रोजनचं आकारमान आदर्श वायूइतकंच भरतं. तेवढंच पाहणारा म्हणेल, इथे दुरुस्तीची गरज नाही. पण f आणि p यांचं गुणोत्तर त्याच दाबाला सर्वांत खाली असतं, कारण ती आधीच्या सगळ्या पायऱ्यांची बेरीज आहे. आजची विक्री बरोबरीत सुटली म्हणून मागची उधारी फिटत नाही. पुढे आकारमान आदर्शाच्या वर गेलं की ती हळूहळू फिटू लागते.

आता लार्सन-डॉज यांच्या आकड्यांकडे वळू. ४५० अंशांना आणि काही शे वातावरणांना अमोनियाची फ्युगॅसिटी त्याच्या दाबापेक्षा कमी असते, कारण अमोनियाचे रेणू एकमेकांना चांगलेच ओढतात. नायट्रोजन आणि हायड्रोजन यांची दाबापेक्षा जास्त असते. म्हणजे गुणोत्तरातला वरचा आकडा खाली येतो, खालचा वर जातो आणि फुगलेलं उत्तर उतरतं. दाबांऐवजी फ्युगॅसिटी भरली की १० पासून ६०० वातावरणांपर्यंत स्थिरांक ०.००६५ च्या आसपास राहतो. दाबांनी काढलेला आकडा तेवढ्याच अंतरात जवळजवळ दुप्पट झाला होता.

१००० वातावरणांना मात्र दुरुस्तीनंतरही उत्तर सुमारे ०.०१० येतं. इथे दोष फ्युगॅसिटीच्या व्याख्येत नाही, ती काढायच्या सोप्या रीतीत आहे. मिश्रणातला प्रत्येक वायू जणू एकटाच त्या संपूर्ण दाबाखाली आहे असं धरून त्याचा गुणांक काढतात आणि त्याला मिश्रणातल्या त्याच्या वाट्याने गुणतात. याला लुईस-रँडल नियम म्हणतात. अमोनियाच्या रेणूशेजारी अमोनियाच असेल, हे त्यात गृहीत धरलेलं असतं; प्रत्यक्षात शेजारी हायड्रोजनही असतो आणि तो त्याला फारसा ओढत नाही. दाब कमी असताना हा फरक खपून जातो. हजार वातावरणांना रेणू खेटून असतात, तेव्हा शेजारी कोण आहे याने हिशेब बदलतो. त्यासाठी संपूर्ण मिश्रणाचं अवस्था समीकरण घ्यावं लागतं. रेडलिच-क्वाँग यांचं १९४९ चं किंवा पेंग-रॉबिन्सन यांचं १९७६ चं समीकरण त्यासाठी वापरतात. त्यांतही वायूंच्या प्रत्येक जोडीसाठी एक दुरुस्तीचा आकडा लागतो आणि तो बहुतेक वेळा प्रयोगाच्या मोजमापांशी जुळवूनच ठरवतात.