अठ्ठावीस बकऱ्या औषधाविना

पहाटे ५:३०

पहिलं काम मिठाचं. पातेल्यात पाणी गरम करून त्यात मीठ टाकत राहते. तळाशी थोडं मीठ न विरघळता उरलं की द्रावण तयार झालं. जंताची अंडी साध्या पाण्यात तळाला जातात आणि या जड पाण्यात वर तरंगतात, त्यामुळे दुपारची सगळी मोजणी या पातेल्यावरच उभी असते. निवलेलं द्रावण बाटलीत भरते, हातमोजे, छोट्या पिशव्या, लटकता काटा आणि डोळ्यांचं रंगीत कार्ड घेते आणि निघते.

भाद्रपद चालू आहे. रात्री पाऊस पडून गेला आहे. सरोवराच्या काठावरून जाताना आतलं झाडोऱ्याचं रान धुक्यात असतं. आत अभयारण्य आहे, तिथे चराईला मनाई. मला जायचं आहे ते सुलतानपूरच्या वाटेवरच्या एका खेड्यात. तिथली जनावरं गावाच्या ई-क्लासवर चरतात.

सकाळी ६:३०

मावशींच्या गोठ्यात ३८ बकऱ्या आहेत. चौदा दिवसांपूर्वी मी इथे आले होते, तेव्हा त्यांचं एकच म्हणणं होतं, "दवाई तं दर दोन महिन्याला पाजतो आम्ही, मंग काहून अशा सुकल्या?"

दवाई म्हणजे अल्बेंडाझोल, अडीच टक्क्यांचं. एका मिलीलिटरमध्ये २५ मिलिग्रॅम औषध. मावशींचा मुलगा प्रत्येक बकरीला अंदाजाने ५ मिली पाजायचा. त्यांची मोठी बकरी काट्यावर ३० किलो भरली. शेळीचं शरीर हे औषध मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं, म्हणून तिला किलोमागे १० मिलिग्रॅमच्या आसपास लागतं, म्हणजे ३० किलोला १२ मिली. तिला मिळत होतं त्याच्या निम्म्याहून कमी. इतक्या औषधाने अशक्त जंत मरतात आणि ज्यांच्यात थोडा तग आहे ते उरतात. पुढची पिढी त्यांचीच.

म्हणून त्या दिवशी दहा बकऱ्या निवडल्या, त्यांच्या लेंड्या घेतल्या आणि प्रत्येकीला वजन करून पूर्ण मात्रा मी स्वतः पाजली. तोंडाच्या कडेतून नळी आत घालून, जिभेच्या मागे. जिभेच्या पुढे औषध पडलं तर ते थेट चौथ्या पोटात उतरण्याची शक्यता असते आणि मग ते लवकर निघून जातं. पहिल्या पोटात पडलं तर हळूहळू झिरपतं.

आज त्याच दहा बकऱ्यांच्या लेंड्या पुन्हा घेतल्या. जमिनीवरच्या उचलत नाही, हातमोज्याचं बोट घालून थेट आतून काढते. पिशवीवर बकरीची खूण लिहिते: कबरी, बांडी, तुटक्या शिंगाची.

सकाळी ७:३०

ऊन आलं की डोळे बघायचे. वरची पापणी अंगठ्याने डोळ्यावर हलकेच दाबायची, दुसऱ्या अंगठ्याने खालची ओढायची, आतली कड क्षणभर दिसते. त्या क्षणात रंग कार्डाशी जुळवायचा. जास्त वेळ ओढून धरलं की रंग बदलतो आणि फसगत होते.

हे कार्ड दक्षिण आफ्रिकेत तयार झालं. फाफा मालान या पशुवैद्यकाच्या नावावरून त्याला फमाचा म्हणतात. लालभडक म्हणजे १, पांढरं म्हणजे ५. ते चालतं कारण आपल्याकडे पावसाळ्यात शेळ्या-मेंढ्यांना खाणारा मुख्य जंत, हिमोंकस, रक्त पितो. दोन-तीन सेंटीमीटर लांबीची मादी पोट उघडल्यावर लाल-पांढऱ्या दोऱ्याच्या पिळासारखी दिसते. लाल म्हणजे प्यायलेलं रक्त, पांढरी तिची अंडाशयं. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिली रक्त घेतो. हजार जंत असले तर रोज ५० मिली गेलं.

आजचा हिशेब असा: १ आणि २ मध्ये २३ बकऱ्या, ३ मध्ये ८, ४ मध्ये ५, ५ मध्ये २. त्या शेवटच्या दोघींपैकी बांडीच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबत होती. बोटाने दाबलं की खळगा पडून तसाच राहायचा. पापणी आतून खडूसारखी पांढरी. मावशी म्हणाल्या, "घशाला गाठ आली बा हिच्या." गाठ नव्हे. रक्तातली प्रथिनं संपली की पाणी असं उतरतं.

कार्डाला मर्यादा आहेत. यकृतातला चपटा कृमी, गोचिडी, उपासमार यांनीही डोळा पांढरा पडतो, आणि डोळे आलेले असले तर आजारी बकरीचीही पापणी लाल दिसते. आणि जे जंत रक्त पीत नाहीत, नुसती हगवण लावतात, ते या कार्डात सापडत नाहीत. म्हणून शेपटीखालची घाण, पाठीच्या कण्यावरचं मांस आणि जबडा हेही हाताने तपासते.

सकाळी ९:३०

दव उतरल्यावर कळप सोडला. मीही मागे गेले. हिमोंकसची एक मादी दिवसाला पाच हजारांहून जास्त अंडी घालते. ती लेंडीतून पडतात आणि अशा उबदार ओलीत चार ते सात दिवसांत त्यांच्या अळ्या तोंडात जायला तयार होतात. पाण्याच्या पातळ थरातून त्या गवताच्या पात्यावर चढतात, बहुतेक पहिल्या दोन इंचांतच राहतात. ओल्या सकाळी खुरटं गवत खाणारी बकरी सर्वांत जास्त अळ्या गिळते. बाभळी-बोरीचा पाला ओरबाडणारी जवळपास काहीच गिळत नाही.

यावरून फिरत्या चराईचे दोन आकडे निघतात. एका तुकड्यात चार दिवसांपेक्षा जास्त राहायचं नाही, म्हणजे आपल्याच अंड्यांच्या अळ्या तयार व्हायच्या आत आपण पुढे गेलेलो असतो. आणि परत यायचं ते महिन्याच्या पुढे, कारण उष्ण हवेत अळ्या साठवलेली शक्ती लवकर जाळून मरतात. टोंगा बेटावर शेळ्यांवर झालेला एक प्रयोग १९९४ साली छापून आला. दहा कप्पे, प्रत्येकात साडेतीन दिवस. फिरत्या कळपाच्या शेणातली अंडी एकाच जागी चरणाऱ्यांच्या निम्म्याहून कमी भरली. थंड देशात हे गणित चालत नाही, तिथे अळ्या महिनोन्‌महिने जगतात.

आमच्या ई-क्लासला कुंपण नाही. मावशींच्या मुलाने आणि मी नाला, बांध आणि बाभळींच्या रांगा धरून नऊ तुकडे ठरवले आहेत. चार दिवसांचा एक, म्हणजे सोडलेल्या तुकड्याची पाळी ३२ दिवसांनी परत. अडचण एवढीच की त्याच जमिनीवर आणखी तीन कळप येतात. मावशींनी सोडलेल्या तुकड्यात दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या बकऱ्या शिरल्या तर विश्रांती कुठली? तिघांपैकी दोघे तयार झाले. तिसऱ्या आजोबांशी आज बांधावर बसून बोलले. "पाहू, पोळ्याचं उरकलं आता," एवढंच म्हणाले.

दुपारी १२:००

दवाखान्यामागच्या खोलीत सूक्ष्मदर्शक आहे. दोन ग्रॅम लेंडी, २८ मिली मिठाचं पाणी, खलून गाळायचं आणि मॅकमास्टर स्लाइडच्या दोन्ही कप्प्यांत भरायचं. पाच मिनिटं थांबायचं. मग रेघांच्या मधून एकेक पट्टा सरकवत मोजायचं. लंबगोल, पातळ कवचाची, आत पेशींचा घोस असलेली अंडी. दोन्ही कप्प्यांतली बेरीज गुणिले ५०, म्हणजे एका ग्रॅममधली अंडी.

चौदा दिवसांपूर्वी कबरीची ४६ दिसली होती, म्हणजे २,३००. आज १९, म्हणजे ९५०. दहाही बकऱ्यांची मिळून तेव्हा २८० अंडी, आज ११२. सरासरी १,४०० वरून ५६०. घट ६० टक्के.

चालणाऱ्या औषधाने ९५ टक्क्यांच्या वर घट व्हायला हवी. मात्रा पूर्ण होती, वजन काट्यावर केलं होतं, पाजलं मी. म्हणजे मावशींच्या कळपात अल्बेंडाझोल आता चालत नाही. फेनबेंडाझोलही त्याच कुळातलं, दोन्ही जंताच्या पेशीतल्या एकाच प्रथिनाला चिकटतात. डबा बदलून उपयोग नाही.

हे आपल्याकडे नवं नाही. या कुळातलं पहिलं औषध, थायबेंडाझोल, १९६१ साली आलं आणि १९६४ मध्ये अमेरिकेत त्याला न जुमानणारा हिमोंकस सापडला. भारतात मेंढ्यांमधल्या अशा जंतांची नोंद १९७६ ची आहे.

दुपारी ३:००

मावशींच्या मुलाचा फोन. "मंग दुसरी दवाई द्या, समद्याइले पाजू अन् नव्या तुकड्यात सोडू. साफ कळप, साफ रान."

हाच तो सल्ला, जो वर्षानुवर्षं शहाणपणाचा म्हणून दिला गेला. सगळ्यांना पाजलं की पोटात उरतात फक्त औषध पचवणारे जंत. कळप नव्या, स्वच्छ रानात गेला की तिथे पडणारं प्रत्येक अंडं त्यांचंच. पुढच्या पिढीत साध्या जंताची भेसळच नाही. म्हणजे फिरती चराई आणि सरसकट औषध ही जोडी प्रतिकार वाढवते. फिरती चराई उपयोगी पडते ती तिच्यामुळे औषध कमी वेळा द्यावं लागतं म्हणून.

मृगाच्या आधी, मे महिन्यात सगळ्या कळपाला औषध पाजण्याबद्दलही मला हेच म्हणायचं आहे. आपल्या उन्हाळ्यात रानातल्या अळ्या करपून गेलेल्या असतात. जंत उरलेले असतात ते फक्त बकऱ्यांच्या पोटात. तेव्हा प्रत्येकीला पाजलं तर औषधापासून दूर राहिलेला जंत कुठेच शिल्लक राहत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात कोरड्या उन्हाळ्यातल्या अशा सरसकट औषधाने मेंढ्यांच्या जंतांमधला प्रतिकार झपाट्याने वाढला. आपणही तेच करतो आहोत.

संध्याकाळी ५:३०

कळप परत आला. लिव्हामिसोल नेलं आहे. ते वेगळ्या कुळातलं, जंताच्या नसांवर काम करणारं. शेळीला किलोमागे १२ मिलिग्रॅम. यात चूक झाली तर लाळ गळते, अंग थरथरतं, म्हणून पुन्हा काटा. ४ आणि ५ च्या सात, आणि ३ मधल्या पिलं पाजणाऱ्या तीन, अशा दहा बकऱ्यांना दिलं. बांडीला शेवटी, सावलीत, दोघांनी धरून. तिला पेंड आणि तुरीचं कुटार जास्त घालायला सांगितलं, कारण मेलेला जंत रक्त परत देत नाही.

उरलेल्या २८ जणींना काही नाही. मावशींच्या चेहऱ्यावर शंका होती. त्यांना सांगितलं, या २८ जणींच्या पोटात थोडे जंत आहेत, पण लिव्हामिसोल न चाखलेले. त्यांची अंडी रानात पडतील आणि औषध पचवणाऱ्यांच्या अंड्यांत मिसळतील. दोन्ही जंतांची आपसात वीण होत राहिली तर उद्या औषध लागेल तेव्हा ते चालेल. म्हणूनच पाजलेल्या दहा जणी आजच्याच तुकड्यात, त्यांच्याबरोबरच चरतील.

पण याची किंमत आहे. न पाजलेली बकरी सोडून द्यायची नाही. या पावसात ३ ची बकरी दोन आठवड्यांत ५ वर येऊ शकते. दर दहा ते चौदा दिवसांनी, दिवाळीपर्यंत, सगळ्या ३८ जणींच्या पापण्या बघायच्या. मुलाला कार्ड दिलं, पाच बकऱ्यांवर माझ्यासमोर करून घेतलं. चार बरोबर, एक चुकला.

रात्री ८:३०

वहीत नोंद: दहा पाजल्या, मोजणी पुन्हा चौदा दिवसांनी. बाजारातून आणायच्या बोकडाला आधी वेगळं बांधायचं, दोन वेगळ्या कुळांची औषधं पाजायची, दोन आठवड्यांनी लेंडी तपासून मगच कळपात सोडायचं. अशा एका जनावरामागून दुसऱ्या गावचे न मरणारे जंत येतात.

तुमच्याकडे बकऱ्या असतील तर या पावसाळ्यात पुढची बाटली उघडण्याआधी दहा बकऱ्यांच्या लेंड्या जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, आणि वजन करून औषध पाजल्यावर चौदाव्या दिवशी पुन्हा न्या.