‘L’ लिहिलेला टीएसएच

थायरॉइडच्या कॅन्सरसाठी ऑपरेशन झालेल्या बायकांच्या फायलीत एक रिपोर्ट हमखास सापडतो: टीएसएच 0.05, आणि शेजारी ठळक ‘L’. लॅबचं यंत्र निरोगी माणसाच्या पट्टीने मोजतं. हा आकडा कुणासाठी मुद्दाम आणलेला असतो, तर कुणाच्या बाबतीत तो नुसता राहून गेलेला असतो.

टीएसएच म्हणजे मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीने थायरॉइडला दिलेला ‘काम कर’ हा हुकूम. पॅपिलरी किंवा फॉलिक्युलर कॅन्सरच्या उरल्यासुरल्या पेशीही तो ऐकतात आणि वाढतात. म्हणून गरजेपेक्षा थोडं जास्त थायरॉक्सिन देऊन पिट्युटरीला गप्प करतात. मेड्युलरी कॅन्सरच्या पेशी हा हुकूम ऐकतच नाहीत, तिथे या दाबण्याचा उपयोग नाही.

पण जादा थायरॉक्सिन हृदयाला आणि हाडांनाही पोचतं. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या 1994 सालच्या अभ्यासात, साठीपुढच्या ज्यांचा टीएसएच 0.1 किंवा त्याहून कमी होता, त्यांच्यात दहा वर्षांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका सुमारे तिप्पट दिसला. या विकारात हृदयात गुठळी होऊन लकवा मारू शकतो. हाडांची झीज मुख्यतः पाळी गेलेल्या बायकांत होते.

म्हणून किती दाबायचं हे धोक्यावर ठरतं. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या 2015 च्या शिफारशींनुसार जास्त धोका असेल तर सुरुवातीला 0.1 च्या खाली, मध्यम धोक्यात 0.1 ते 0.5. कमी धोका आणि रक्तात थायरोग्लोब्युलिन सापडत नसेल, तर 0.5 ते 2 पुरे. थायरोग्लोब्युलिन फक्त थायरॉइडच्या पेशी बनवतात. ग्रंथी काढल्यावरही ते वाढत गेलं, तर पेशी कुठेतरी उरल्यात असं समजायचं. मात्र त्याविरुद्धच्या अँटिबॉडी रक्तात असतील तर हा आकडा फसवा निघतो.

समजा, त्रेसष्ट वर्षांच्या एक मावशी आहेत. वजन साठ किलो, दीड सेंटिमीटरची पॅपिलरी गाठ, गळ्यातल्या ग्रंथींत पसरलेली नाही. सहा वर्षं झाली, थायरोग्लोब्युलिन नाही, सोनोग्राफी स्वच्छ. गोळी मात्र अजून 125 मायक्रोग्रॅमचीच आणि टीएसएच 0.05. जिना चढताना धडधडतं, तर त्या म्हणतात, “वयच झालं आता.” इथे दाबण्याचा फायदा जवळजवळ उरलेला नाही, तोटा मात्र रोजचा आहे. डॉक्टर ईसीजी आणि हाडांची डेक्सा तपासणी सांगतात आणि डोस 112 वर आणतात. थायरॉक्सिन रक्तातून निम्मं व्हायलाच आठवडा लागतो, म्हणून टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी बघायचा. तो 0.2 आला, तर गोळी 100 ची.

उलटी चूक जास्त महागात पडते. फुप्फुसात गाठी असलेल्या बाईचा तोच ‘L’ पाहून, तापासाठी गेलेल्या दवाखान्यात कुणीतरी गोळी निम्मी करून टाकतं. खरं तर सर्जनने डिस्चार्ज कार्डावरच टीएसएच किती हवा आणि कधीपर्यंत, ही एक ओळ लिहून द्यायला हवी.