रात्री दोनचा ताप कोणत्या तारखेचा?

वॉर्डातला टीपीआर चार्ट वाचायला सोपा वाटतो, पण तो कॉम्प्युटरवर चढवायला बसलं की पहिली ठेच वेळेपाशीच लागते. समजा, डेंग्यूचा एक पेशंट आहे. कागदावर वर १४ तारीख आणि खाली नुसतं ६, १०, २, ६. सिस्टरला ठाऊक असतं की संध्याकाळपासून पहाटेपर्यंतच्या या नोंदी आहेत. टाइप करणारा मात्र चौघींपुढेही १४ टाकून मोकळा होतो. मग वेळेनुसार क्रम लावला की शेवटच्या दोन नोंदी उडी मारून सर्वांत वर जातात आणि उतरलेला ताप चढल्यासारखा दिसतो. म्हणून प्रत्येक ओळीत पूर्ण तारीख आणि चोवीस तासांचं घड्याळ हवं: १५ तारीख, ०२:००. शेजारी ‘मागच्या नोंदीपासून किती तास’ असा रकाना ठेवावा. चारऐवजी तिथे बारा दिसले, तर तारीख चुकली किंवा नोंदी राहिल्या.

बीपी एका घरात लिहू नये. वरचा आणि खालचा आकडा वेगळा ठेवावा. १२०/८० लिहिताना शून्य राहून १२/८० झालं, तर एक्सेल त्याची थेट डिसेंबर १९८० करून टाकतो!

मग मर्यादांची तपासणी. फॅरनहाइटच्या रकान्यात ९८६ आलं तर टिंब राहिलंय, ३८.२ आलं तर बहुधा कोणीतरी सेल्सियस लिहिलंय. पण नाडी २८? ती अशक्य नाही, आणि कागदावरचा आकडा ८८ही असू शकतो. अशा वेळी आपल्या मनाने ८८ करायचं नाही. २८ तसंच ठेवून शेजारी खूण करायची आणि मूळ कागद घेऊन सिस्टरला विचारायचं. ‘बीपी लागत नाही’ असं लिहिलं असेल, तर शून्य टाकू नये आणि घर रिकामंही सोडू नये. ते शब्द शेरा म्हणून जसेच्या तसे उतरवावेत.

आता त्याच पेशंटच्या ओळी पाहा:

| वेळ | ताप (फॅ.) | नाडी | वरचं बीपी | खालचं बीपी |
|---|---|---|---|---|
| १४ ता. १८:०० | १०१.४ | १०० | ११० | ७० |
| १४ ता. २२:०० | १००.२ | ९८ | १०६ | ७२ |
| १५ ता. ०२:०० | ९८.८ | १०६ | १०० | ७४ |
| १५ ता. ०६:०० | ९८.४ | ११२ | ९४ | ७६ |

नाडीला ५० ते १२० आणि वरच्या बीपीला ९० ते १८० अशा सावधगिरीच्या मर्यादा लावल्या, तर यातलं एकही घर लाल होत नाही. नातेवाईक तर ताप उतरला म्हणून खूश असतात. पण बीपीच्या दोन आकड्यांतलं अंतर ४०वरून १८वर आलंय आणि नाडी वाढतेय. डेंग्यूत हे अंतर २० किंवा त्याहून कमी होणं ही शॉकची खूण मानतात. वरचं बीपी D आणि खालचं E रकान्यात असेल, तर आणखी एका रकान्यात एवढंच लिहायचं:

```
=D5-E5<=20
```

पहाटे सहाच्या ओळीपुढे TRUE उमटतं. तिथे राउंडची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करायचा.