मातीचा पाय, मॅटचा बूट

मातीच्या मैदानावर खेळाडूला ग्रिप देते ती माती. मॅटवर हे काम बुटाच्या तळव्याला करावे लागते. कबड्डी आणि खो-खोच्या पादत्राणांचा सगळा प्रश्न या फरकातून निघतो. कोल्हापूर जिल्ह्यातील गावोगावच्या मंडळांत सराव अजूनही संध्याकाळी मातीवर आणि अनवाणी चालतो, पण वरच्या पातळीवरचे सामने मॅटवर गेले आहेत. 2014 मध्ये सुरू झालेली प्रो कबड्डी पहिल्यापासून मॅटवर खेळली गेली. 2022 मध्ये पुण्याच्या बालेवाडीत झालेली अल्टिमेट खो-खो आणि जानेवारी 2025 मधला दिल्लीचा खो-खो विश्वचषक यांनी खो-खोलाही त्याच वाटेवर आणले. चंदगड तालुक्याच्या सिद्धार्थ देसाईने 2018 मध्ये प्रो कबड्डीत पदार्पण केल्यापासून या भागातील मुलांना मॅटचे दार जवळ आल्यासारखे वाटते. त्या दारातून आत जाताना सर्वांत आधी सवय बदलावी लागते ती पायाची.

मातीतली ग्रिप घर्षणापेक्षा रुतण्यातून येते. पायाचा चवडा आणि बोटे मातीत किंचित खाली जातात, त्यांच्या मागे मातीचा छोटा बांध तयार होतो आणि खेळाडू त्या बांधाला रेटून पुढे झेपावतो. बांध टिकेल की फुटेल हे ओलाव्यावर ठरते. मूठभर माती दाबल्यावर गोळा झाला आणि कमरेएवढ्या उंचीवरून टाकल्यावर तो दोन-चार तुकड्यांत फुटला, तर मैदान खेळण्याजोगे आहे. गोळाच होत नसेल तर वर भुकटी आणि खाली कडक थर अशी अवस्था असते. अशा मैदानावर पाय कणांवरून घसरत जातो. गोळा पडून चपटा झाला तर पाणी जास्त झाले आहे. माती तळव्याला चिकटते, तिचा थर चढतो आणि मग मातीच मातीवर घसरू लागते.

कोल्हापुरात मातीचा प्रकारही बघावा लागतो. पश्चिमेला पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरीकडे जांभ्याची तांबडी माती आहे. ती पाणी लवकर सोडते आणि पायाला कमी चिकटते. पूर्वेकडे शिरोळ-हातकणंगल्याची काळी माती सुकली की भेगाळते आणि भिजली की चिकट होते, त्यामुळे तिथे मैदानावर तांबडी माती किंवा बारीक मुरूम टाकावा लागतो. खणणे, चाळणे, आदल्या संध्याकाळी पाणी मारणे आणि हलका रूळ फिरवणे हीच मातीवरच्या खेळाडूच्या पादत्राणांची खरी निगा आहे. चांगल्या मऊ मातीवर बुटांची गरज नसते. उलट बुटाच्या तळव्यातील खाचा मातीने बुजून तो गुळगुळीत होतो आणि बोटांना रुतायला जागाच उरत नाही. अनवाणी सरावाची अट मात्र एकच, आणि ती कडक आहे: मैदानातून रोज खडे, काटे, काचा वेचल्या गेल्या पाहिजेत, आणि खेळाडूंचे धनुर्वाताचे इंजेक्शन वेळेवर झालेले असले पाहिजे.

मातीची आणखी एक देणगी सहसा लक्षात येत नाही. ताण मर्यादेपलीकडे गेला की माती सुटते. चढाईपटू गर्रकन वळला आणि पाय अडकू लागला, तर मातीचा बांध फुटतो, पाय थोडा फिरतो आणि गुडघ्यावर येणारा पीळ तिथेच मोकळा होतो. घसरण्याने एखादा गुण जात असेल, पण सांधा वाचतो.

मॅट असे सुटत नाही. ते फोमच्या चौकोनी तुकड्यांचे असते. साधारण एक मीटरचे हे तुकडे एकमेकांत दात अडकवून जोडतात आणि त्यांचा वरचा थर बारीक खरबरीत असतो. त्यावर पाय रुतत नाही, रबर चिकटते. मऊ रबर मॅटच्या बारीक उंचवट्यांवर दबून बसते आणि तिथून ग्रिप येते. म्हणून स्वच्छ, कोरड्या मॅटवर ती मातीपेक्षा जास्त असते, आणि घाम किंवा धूळ आली की झपाट्याने उतरते. कोरडी बारीक धूळ रबर आणि मॅट यांच्यामध्ये थर धरते, घामाचे पाणीही तेच करते. अनवाणी पायाचा घाम थेट मॅटवर उतरतो, शिवाय सूर मारताना किंवा ओढाताणीत बोटांची कातडी सोलते. मॅटवर बूट लागतात ते यासाठी.

इथे एक गैरसमज मूळ धरतो, तो म्हणजे जितकी ग्रिप जास्त तितका बूट चांगला. प्रत्यक्षात बुटाला दोन वेगळी कामे करायची असतात. सरळ रेट्याला त्याने घट्ट राहायचे आणि पिळाला थोडे सुटायचे. 1970 च्या दशकात अमेरिकन फुटबॉलच्या बुटांचा अभ्यास करताना जोसेफ टॉर्ग या अस्थिशल्यचिकित्सकाने दाखवले की मैदानात फार घट्ट अडकणारा बूट गुडघ्याला धोक्याचा असतो. नॉर्वेतील हँडबॉलच्या 2003 मधील अभ्यासात लाकडी जमिनीपेक्षा जास्त घर्षणाच्या कृत्रिम जमिनीवर महिला खेळाडूंच्या गुडघ्याचा पुढचा लिगामेंट तुटण्याचे प्रमाण अधिक आढळले. कबड्डीत तर वळणाऱ्या पायावर दुसऱ्याचे वजनही येऊन पडते.

बोनसची चढाई टप्प्याटप्प्याने पाहिली की हे उलगडते. पुरुषांच्या मैदानावर मध्यरेषेपासून निदान रेषा 3.75 मीटर आणि तिच्यापुढे बोनस रेषा 1 मीटर अंतरावर असते. समोर सहा किंवा सात गडी असताना चढाईपटूने एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकायचा आणि त्या क्षणी दुसरा पाय हवेत ठेवायचा. म्हणजे मध्यरेषेपासून पावणेपाच मीटर आत सगळे वजन एका चवड्यावर असते. त्याच क्षणी कोपऱ्यातला गडी घोट्याकडे झेपावतो आणि चढाईपटू टेकलेल्या पायावर रेटा देत अंग मध्यरेषेकडे वळवतो. मातीवर हा चवडा रेट्याने रुततो आणि वळताना फिरतो. मॅटवर फार चिकट तळव्याचा बूट असेल तर अंग वळते, बूट जागीच राहतो आणि तो सगळा पीळ गुडघ्यात जातो. त्यात बाहेरून गडी पायावर पडला तर गुडघा आत मोडतो. तळवा झिजलेला किंवा धुळीने माखलेला असेल तर उलटे घडते. रेटाच मिळत नाही, पाय पुढे निसटतो आणि चढाईपटू आयता हाती लागतो. मातीत तयार झालेला चढाईपटू मॅटवर टाच टेकवून वळू पाहतो, आणि चूक तिथेच होते. मॅटवर आधी वजन चवड्यावर यायला हवे, टाच उचलायला हवी आणि मग वळायला हवे.

बचावपटूची गरज निराळी. पकड झाल्यावर त्याला वळायचे नसते, रेटून उभे राहायचे असते, त्यामुळे सरळ ग्रिप सर्वांत जास्त त्यालाच लागते. खो-खोत ही विभागणी अधिक स्पष्ट दिसते. पाठलाग करणाऱ्याला एकदा घेतलेली दिशा मध्येच बदलता येत नाही, म्हणून त्याला हवा असतो तो चौकातून उठतानाचा पहिला जोरदार पाय. बसलेल्या अवस्थेत बोटे मुडपलेली असतात, तळवा ताठ असेल तर टाच बुटातून सुटते आणि खो मिळाल्यावर उठायला उशीर होतो. पळती करणाऱ्याला मात्र हुलकावणी देत पुन्हा पुन्हा बाजू बदलायची असते, म्हणून त्याला तळव्याच्या बाहेरच्या कडेची ग्रिप महत्त्वाची. खांबाजवळ आक्रमक एका हाताने खांब धरून अंग बाहेर झोकतो तेव्हा पाय खांबाच्या बुडाशी फिरावा लागतो. तिथे अती चिकट बूट नडतो.

म्हणून मॅटचा बूट पातळ, सपाट आणि चवड्याजवळ सहज वाकणारा हवा. तळवा मऊ रबराचा, उथळ नक्षीचा, आणि चवड्याखाली नक्षी गोलाकार असेल तर उत्तम, कारण गोल खाचांवर पाय फिरतो. पळण्याच्या बुटाची जाड, उंच टाच मॅटवर धोक्याची आहे, बाजूला झोकताना घोटा त्यावरून कलंडतो. फुटबॉलचे स्टड मॅट फाडतात. कबड्डीचे बूट मिळत नसतील तर बॅडमिंटनचा गमसोल बूट हा समंजस पर्याय आहे, फक्त त्याच्या कडा चवड्याबाहेर फार पसरलेल्या नसाव्यात. मोजा पातळ आणि घट्ट असावा. सैल मोज्यात पायच बुटाच्या आत घसरतो आणि खेळाडू दोष तळव्याला देतो.

ग्रिप मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. बुटात वाळूची पिशवी ठेवून बुटासह वजन 5 किलो करावे, नाडीला हाताचा स्प्रिंगकाटा अडकवून मॅटवर आडवे, सावकाश ओढावे आणि बूट सरकू लागताना काटा किती दाखवतो ते पाहावे. समजा काटा 4 किलो दाखवतो. मग 4 भागिले 5, म्हणजे 0.8. याचा अर्थ खेळाडू उभ्या रेषेपासून सुमारे 39 अंशांपर्यंत झुकून वळला तरी पाय टिकेल. आता तळव्याला मैदानाची धूळ लावून पुन्हा ओढावे. काटा 2.5 वर आला तर गुणोत्तर 0.5, आणि तोच खेळाडू 27 अंशांच्या पुढे झुकला की घसरणार. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक मॅटवर ते वेगळे येतील आणि खेळाडूच्या पूर्ण वजनाखाली रबर थोडे वेगळे वागेल. पण दोन बुटांची तुलना करायला, किंवा एकाच बुटाची दर महिन्याची उतरण पाहायला ही पद्धत पुरेशी आहे. ओढताना बूट झटके देत सरकला तर वाचन तीनदा घेऊन मधले धरावे.

दोन्ही पृष्ठभागांवर खेळणाऱ्याने मॅटचा बूट मातीवर कधीच नेऊ नये. घरून येताना पायात कोल्हापुरी किंवा साधी चप्पल असावी, बूट पिशवीतून न्यावा आणि मॅटच्या कडेलाच चढवावा, कारण रस्त्यावरची खडी रबरात बसली की ती मॅटलाही खरवडते. प्रत्येक सत्राआधी तळवा ओल्या फडक्याने पुसून कोरडा करावा. मॅट झाडून पुसण्याचे काम मंडळाने नेमून द्यावे, आणि जोडांचे दात वर आले असतील तर ते दाबल्याशिवाय सराव सुरू करू नये, कारण तिथेच अंगठा अडकतो. मातीवरून मॅटवर येणाऱ्याने पहिले काही दिवस फक्त पायांचे काम करावे, म्हणजे झुकणे, थांबणे, टाच उचलून वळणे. अंगाला अंग भिडणारा खेळ त्यानंतर. या दिवसांत गुडघ्याच्या आतल्या बाजूला किंवा अंगठ्याच्या सांध्यात दुखू लागले, तर पाय फिरण्याऐवजी अडकतो आहे असे समजावे.

बूट बदलायची वेळ तळवाच सांगतो. चढाईपटूचा बूट बहुधा वळणाऱ्या पायाच्या अंगठ्यामागे, चवड्याखाली आधी झिजतो. खो-खोच्या आक्रमकाचा पंजाच्या टोकाला आणि पळती करणाऱ्याचा बाहेरच्या कडेला झिजतो. तिथली नक्षी पुसून रबर चकचकीत झाले, किंवा नख दाबल्यावर त्यावर वळ उठेनासा झाला, म्हणजे रबर कडक पडले आहे. मग वरचे कापड नवे दिसत असले तरी तो बूट मॅटसाठी संपला.