सोमवारचा रिपोर्ट आणि त्याखालच्या चार ओळी

सोमवारी सकाळी नऊ वाजता गेल्या आठवड्याच्या गुगल जाहिरातींचा रिपोर्ट मेलवर आपोआप येऊन पडतो. खर्च, क्लिक, चौकश्या, शेजारी हिरवे-लाल बाण. माझे एक ग्राहक मॉड्युलर किचनवाले. लाल बाण दिसला की त्यांचा फोन ठरलेला: "पैसे पाण्यात चाललेत का हो?" फोन येण्याआधीच त्याचं उत्तर रिपोर्टखाली चार ओळींत लिहून ठेवायचं, हे माझं काम.

एका आठवड्यात खर्च नेहमीप्रमाणे 20,000 रुपये, क्लिकही तेवढेच 1,000. पण चौकश्या 50 वरून 32 वर आल्या. एक चौकशी 400 ची 625 रुपयांना पडली. "चौकश्या 36 टक्क्यांनी घटल्या" असं वाक्य यंत्रही जोडून देतं. पण तो आकडाच पुन्हा वाचून दाखवणं झालं.

चौकशी महागते ती दोनच वाटांनी: क्लिक महागला, किंवा क्लिक करून आलेल्यांपैकी फॉर्म भरणारे घटले. इथे क्लिक 20 रुपयांवरच होता. म्हणजे जाहिरात ठीक, गळती वेबसाइटवर.

तरी थांबलो. रविवारी क्लिक करून बुधवारी फॉर्म भरला, तर गुगल ती चौकशी रविवारच्या खात्यात टाकतं. त्यामुळे ताजा आठवडा सोमवारी नेहमीच थोडा उपाशी दिसतो. आधीच्या आठवड्याचे आज 50 दिसत असले, तरी गेल्या सोमवारच्या मेलमध्ये ते 46 होते. खरी तुलना 46 शी. जुने मेल पुसायचे नाहीत ते यासाठीच!

मग दिवसवार पाहिलं. बुधवारपर्यंत 20, पुढच्या चार दिवसांत जेमतेम 12. तेवढ्याच दिवसांचे गेल्या सोमवारी 26 दिसत होते. कॉम्प्युटरवरून येणाऱ्या चौकश्या जागच्या जागी, घट सगळी मोबाइलवर. स्वतःच्या मोबाइलवर फॉर्म भरून पाहिला. गुरुवारी त्यात ओटीपीची पायरी घातली होती आणि ओटीपी येतच नव्हता.

शेवटी लिहिलं ते असं: "चौकश्या 46 वरून 32. जाहिरात महागलेली नाही. गुरुवारपासून मोबाइलच्या फॉर्मला ओटीपी येत नाही, घट बहुधा त्यामुळेच. वेबसाइटवाल्यांनी ओटीपीची पायरी आजच काढावी, तोवर मोबाइलवरचा खर्च मी निम्मा करतोय. गुरुवारपर्यंत दिवसाला सहा-सात चौकश्या दिसल्या नाहीत, तर कारण दुसरं आहे असं समजून पुन्हा शोधू."

"बहुधा" खोडावं, असं आमच्या ऑफिसात एकाचं म्हणणं होतं. ग्राहकाला ठाम भाषा आवडते म्हणे. मी तो ठेवला. ओटीपी येत नाही हे डोळ्यांनी पाहिलं होतं, चौकश्या त्यामुळेच घटल्या हा माझा अंदाज होता.

फोन त्या सोमवारीही आला. प्रश्न मात्र वेगळा होता: "ती ओटीपीची पायरी घातली कोणी?"