खेळ सरळ, तरी खिसा रिकामा का?

मागच्या वेळी आपण सरासरीबद्दल बोललो. तेव्हा एका श्रोत्यांनी विचारलं होतं की, 'खेळात लबाडी नसेल तर माणूस बुडेलच कशाला?' आज त्याचाच हिशेब करू. प्रश्न जुना आहे. पास्कलने तो १६५६ मध्ये फर्माला घातला आणि पुढच्याच वर्षी हायगेन्सच्या पुस्तकात शेवटचा प्रश्न म्हणून तो छापून आला.

समजा, आपल्याकडे ३ रुपये आहेत आणि समोरच्याकडे ९७. नाणं अगदी खरं. छाप पडला तर आपल्याला एक रुपया, काटा पडला तर त्याला. एक जण पूर्ण रिकामा होईपर्यंत खेळायचं.

पहिले तीनही काटे पडण्याची शक्यता आठात एक, म्हणजे ३२ मध्ये ४. शिवाय पाचव्या फेकीला बरोबर संपण्याचे मार्ग ३२ पैकी ३ आहेत: एकच छाप येतो, आणि तो पहिल्या तीन फेकींपैकी एकीत. म्हणजे पाच फेकींत बुडण्याची शक्यता ३२ मध्ये ७ झाली. असंच पुढे मोजत गेलं की दिसतं, १९ फेकींपर्यंत निम्म्याहून किंचित जास्त खेळाडू संपलेले असतात.

मग सरासरीचं काय झालं? ती शून्यच आहे. पण सरासरीभोवतीचा पसारा वाढत जातो, फेकींच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. नऊ फेकींनंतर तो ३ रुपयांचा असतो, शंभर फेकींनंतर १० रुपयांचा. यालाच विचरणाचा परिणाम म्हणायचं. ९७ रुपयेवाला हा हेलकावा सहज सोसतो. आपण एकदा शून्यावर आलो की पुढचे छाप आपल्या कामाचे नाहीत, कारण डावावर लावायला काहीच उरत नाही.

शेवटी कोण जिंकतो? खेळ सरळ असल्यामुळे आपली अपेक्षित रक्कम शेवटीही ३ रुपयेच राहिली पाहिजे. शेवटी हातात एकतर १०० असतात, नाहीतर शून्य. म्हणून १०० मिळण्याची शक्यता शंभरात ३. पडताळा बघा: असे शंभर खेळाडू घेतले तर सरासरीने ९७ जण तीन-तीन रुपये गमावतात, म्हणजे २९१. तिघे जण ९७-९७ कमावतात, तेही २९१. कुणावर अन्याय नाही, तरी ९७ जण कफल्लक!

'डाव आठ आण्यांचा केला तर?' असं कुणी म्हणेल. मग ६ विरुद्ध १९४ डाव झाले. गुणोत्तर तेच, म्हणून शक्यताही तीच. फक्त खेळ सरासरी चौपट लांबतो. शक्यता बदलते ती थांबण्याची जागा बदलली तर. सहा रुपये झाले की उठायचं, असं आधी ठरवून तसं खरंच उठलं, तर बुडण्याची शक्यता निम्मी असते. 'समोरचा संपेपर्यंत' म्हटलं की ती ९७ टक्के होते. आणि समोरच्याचा खजिना अमर्याद असेल तर बुडणं निश्चितच, मग नाणं कितीही प्रामाणिक असो.