1110 मध्ये 110 सापडते कसे?

0 आणि 1 यांची एक लांबलचक ओळ डावीकडून उजवीकडे वाचायची आहे. तिच्यात कुठेही 110 हा सलग क्रम आला तर ‘हो’ म्हणायचे, एरवी ‘नाही’. मागे वळून पाहायचे नाही, वाचलेले लिहूनही ठेवायचे नाही. हे काम करणाऱ्या फायनाइट ऑटोमेटाला चार अवस्था पुरतात.

S0 म्हणजे उपयोगाचे काही हाती नाही. S1 म्हणजे नुकताच एक 1 आला, S2 म्हणजे शेवटी 11 आहे, आणि S3 म्हणजे 110 सापडले. S3 गाठल्यावर पुढे काहीही आले तरी यंत्र तिथेच राहते. अवस्था ही या यंत्राची सगळी स्मृती.

आकृती काढताना हमखास चुकणारा बाण S2 चा असतो. तिथे 0 आला तर S3, पण 1 आला तर? ‘जुळले नाही’ म्हणून बरेच विद्यार्थी बाण S0 कडे नेतात. त्या आकृतीवर 1110 चालवली की चूक उघडी पडते: दोन 1 नंतर S2, तिसऱ्या 1 ला S0, शेवटच्या 0 लाही S0. उत्तर ‘नाही’, आणि शेवटची तीन चिन्हे तर 110 च आहेत! 111 वाचल्यावरही शेवटी 11 असतेच, म्हणून तो बाण S2 वरच परत यायला हवा. S1 वर 0 आला तर मात्र S0 कडेच जावे लागते, कारण 110 ची सुरुवात 0 ने होत नाही.

हीच गोष्ट रेग्युलर एक्सप्रेशनमध्ये एका ओळीत मावते. `|` म्हणजे ‘किंवा’, `*` म्हणजे शून्य किंवा अधिक वेळा:

```
(0|1)*110(0|1)*
```

आता उलटा प्रश्न: 110 कुठेच नसलेल्या ओळी कोणत्या? यंत्रात फक्त स्वीकाराच्या अवस्था बदलायच्या. S3 ऐवजी S0, S1 आणि S2. एक्सप्रेशन मात्र नुसते उलटवता येत नाही, ते आकृतीवरून वाचावे लागते. S0 वरून निघून S0 वर परतण्याच्या वाटा दोनच, 0 किंवा 10. त्यानंतर कितीही 1 आले तरी S3 येत नाही:

```
(0|10)*1*
```

प्रत्येक फायनाइट ऑटोमेटासाठी असे एक्सप्रेशन असते आणि प्रत्येक एक्सप्रेशनसाठी यंत्र, हे स्टीफन क्लीनी यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात सिद्ध केले. युनिक्सवर शोधासाठी वापरला जाणारा `grep` हा केन थॉम्पसन यांचा प्रोग्राम रेग्युलर एक्सप्रेशनवरच चालतो. `grep 110` त्या क्रमाच्या ओळी दाखवतो आणि `grep -v 110` उरलेल्या.

मात्र आधी काही 0 आणि मग नेमके तितकेच 1, अशा ओळी ओळखायला कितीही अवस्था दिल्या तरी अपुऱ्याच. अवस्थांच्या संख्येहून जास्त 0 आले, की 0 च्या दोन वेगळ्या संख्या एकाच अवस्थेत येतात आणि पुढे किती 1 हवेत हे यंत्राला ठरवता येत नाही.